हळदीच्या स्टॉलवर हॅम्बुर्गच्या खरेदीदाराला बोलावणं: मराठी-इंग्रजी निमंत्रणाच्या प्रकल्प नोंदी (जानेवारी ते मार्च २०२५)

६ जानेवारी: काम काय आहे

सांगली जिल्ह्यातली शेतकरी उत्पादक कंपनी. दिल्लीत भारत मंडपममध्ये ४ ते ८ मार्च २०२५ या काळात ‘आहार’ मेळा आहे, तिथे नऊ चौरस मीटरचा स्टॉल घेतलाय. माल म्हणजे सेलम जातीची पॉलिश केलेली हळकुंडं. बोलवायचा आहे हॅम्बुर्गचा एक मसाला आयातदार. गेल्या हंगामात त्यानं नमुना मागवला होता, पुढे सौदा झाला नाही. त्याच्या खरेदी व्यवस्थापकानं स्टॉलवर अर्धा तास बसावं एवढंच या निमंत्रणानं साधायचं आहे. मालाची विक्री पत्रानं होत नाही, ती समोरासमोर बसल्यावर होते.

निमंत्रण दोन्ही भाषांत का, हा प्रश्न बैठकीत आलाच. खरेदीदार मराठी वाचणार नाही, हे उघड आहे. पण किती टन, कुठल्या हंगामाचा माल, कधी तयार, कुठला अहवाल देणार हे शब्द संचालक मंडळाचे आहेत, आणि मंडळात सगळे इंग्रजी सहज वाचत नाहीत. न वाचता सही झालेलं इंग्रजी पत्र पुढे स्टॉलवर गोत्यात आणतं. खरेदीदार म्हणतो, तुम्ही लिहिलं होतं. स्टॉलवरच्या माणसाला ते माहीतच नसतं. म्हणून आधी मराठी मसुदा मंजूर करायचा, मग इंग्रजी करायचं.

८ जानेवारी: पहिला मराठी मसुदा आणि त्याचं काय झालं

पहिला मसुदा ‘आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की’ असा सुरू झाला आणि ‘आपल्या उपस्थितीने आमच्या स्टॉलची शोभा वाढवावी’ इथे संपला. मध्ये कंपनीची स्थापना, सभासद संख्या, मिळालेले पुरस्कार आणि ‘निर्यातक्षम दर्जाची हळद’. हे तसंच इंग्रजीत गेलं असतं तर लग्नपत्रिका झाली असती. त्याहून वाईट म्हणजे, पूर्ण पानभर मजकुरात खरेदीदाराला उपयोगी पडेल अशी एकही गोष्ट नव्हती: किती माल, कधीचा, कुठल्या दिवशी किती वाजता भेटायचं.

दुसऱ्या फेरीत मसुदा उलट्या बाजूनं लिहिला. मराठी मजकुरात ज्या वाक्यात कंपनी काही कबूल करते किंवा काही मागते, तेवढीच वाक्यं ठेवली आणि त्यांना क्रमांक दिले. पुढच्या नोंदींतल्या दुरुस्त्या धरून ती शेवटी अशी झाली:

१. सांगली जिल्ह्यातल्या सभासदांच्या शेतातली, २०२५ साली काढलेली सेलम हळकुंडं आम्ही स्टॉलवर ठेवणार आहोत.
२. या काढणीतला २० मेट्रिक टन माल विक्रीला आहे. तो मार्चअखेरपासून तयार असेल.
३. याच लॉटचा प्रयोगशाळा अहवाल २५ फेब्रुवारीपर्यंत पाठवू.
४. बुधवार ५ मार्च, सकाळी साडेअकरा वाजता अर्धा तास द्यावा. नाही जमलं तर गुरुवार ६ मार्च, दुपारी तीन.
५. व्हिसासाठी पत्र लागत असेल तर सांगावं, वेगळं पाठवू.

मंडळानं फक्त ही पाच वाक्यं वाचायची आणि मंजूर करायची. पुढचा नियम सोपा ठेवला: इंग्रजीत यातली प्रत्येक गोष्ट यायलाच हवी, आणि यात नसलेलं वचन इंग्रजीत घुसता कामा नये. नमस्कार-चमत्काराची वाक्यं या नियमातून मोकळी.

९ जानेवारी: वाक्य १ वर अडलेलं

‘२०२४-२५ ची नवी हळद’ असं मूळ वाक्य होतं. बाजार समितीत हे सगळ्यांना कळतं: मे-जूनला लागवड, नऊ महिन्यांनी काढणी. बाहेरच्या माणसाला मात्र हे २०२४ च्या सुरुवातीला काढलेलं जुनं पीकही वाटू शकतं. हळकुंड दळणाऱ्याला रंग हवा असतो, आणि साठवणीत रंग उतरतो. त्यामुळे त्याच्या दृष्टीनं हा एका वर्षाचा फरक पैशाचा आहे. म्हणून लागवडीचं साल सोडलं, काढणीचं साल लिहिलं.

याच वाक्यात ‘जीआय मानांकित सांगली हळद’ असंही होतं. सांगली हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे खरं. पण १९९९ च्या कायद्याखाली ते नाव आणि चिन्ह मालासाठी वापरायला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद लागते. कंपनीची ती नोंद अजून झालेली नाही. जिल्ह्यात पिकलेली हळद म्हणणं हा केवळ पत्ता आहे, मानांकित हळद म्हणणं हा दावा आहे. दावा काढून टाकला, पत्ता ठेवला. काही संचालकांना हे पटायला वेळ लागला.

१३ जानेवारी: वाक्य २, टन आणि स्वल्पविराम

मसुद्यात आधी ‘२०० क्विंटल’ होतं. क्विंटल परदेशात सगळीकडे चालत नाही, म्हणून कोणीतरी ‘20,000 kg’ केलं. इथे जर्मनीपुरता एक खड्डा आहे. तिथे दशांशाला स्वल्पविराम वापरतात आणि हजारांना टिंब. वीस हजार किलो नजरेच्या पहिल्या फेरीत वीस किलोही वाटू शकतं, विशेषतः नमुन्यांची भाषा चालू असताना. ‘20 metric tonnes’ लिहिलं की प्रश्न मिटतो. हाच नियम अहवालातल्या आकड्यांना: शक्यतो पूर्ण संख्या, नाहीतर एकक शेजारीच. लाखाची आपली मांडणी, म्हणजे 1,50,000, इंग्रजी मजकुरात कुठेही ठेवायची नाही.

२० टन हा आकडाही एकदा खाली आणावा लागला. आधी ५० लिहिलं होतं, सभासदांच्या एकूण लागवडीवरून. पण त्यातला बराच माल अडतीकडे आधीच बांधलेला आहे, शिवाय काही गड्डे, म्हणजे मधले मोठे कंद, आहेत. गड्डे आणि हळकुंडं हे दोन वेगळे माल आहेत, भाव वेगळा. निमंत्रणातला आकडा म्हणजे कंपनीच्या गोदामात खात्रीनं उभा राहील तेवढाच. जास्त निघाला तर भेटीत सांगता येतो, कमी निघाला तर सांगणं फार अवघड.

भाव लिहायचा का यावर बरीच चर्चा झाली. नाही लिहायचा, असं ठरलं. हळदीचा भाव वायद्याबरोबर रोज हलतो, आणि निमंत्रण ते भेट यात महिनाभर जातो. फेब्रुवारीतला भाव मार्चमध्ये खरेदीदार पुढे ठेवणारच. त्यानं मागितलाच तर न्हावा शेवा एफओबी, म्हणजे त्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा भाव, मुदत तीन दिवस, अशा वेगळ्या मेलनं द्यायचा.

२० जानेवारी: वाक्य ३, अहवालाचा घोळ

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. मसुद्याला गेल्या वर्षीचा अहवाल जोडलेला होता: कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, ४.१ टक्के. पण तो लॉट विकून संपलाय. नवीन लॉटचा अहवाल येईपर्यंत जुना लावला तर ‘हा याच मालाचा’ असं समजलं जाणार, आणि नव्यात ३.६ निघालं तर भेटीची सुरुवातच तंट्यानं होणार. म्हणून पहिल्या मेलला एकही अहवाल जोडायचा नाही, नव्याची तारीख द्यायची.

ती तारीख काढणीवरून मागे मोजत ठरवली. लवकर आलेल्या शेतांतली काढणी जानेवारीच्या उत्तरार्धात, मग शिजवणं, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण, मग पॉलिश. म्हणजे नमुना १० फेब्रुवारीच्या आसपास प्रयोगशाळेत जाऊ शकतो. प्रयोगशाळा दहा दिवस सांगते. चार-पाच दिवस हाताशी ठेवून २५ फेब्रुवारी. मसुद्यात आधी ‘लवकरच’ होतं. ‘लवकरच’वर कोणी विमानाचं तिकीट काढत नाही.

अहवालात काय मागवायचं तेही आत्ताच ठरवलं, कारण प्रयोगशाळेला नुसतं ‘निर्यातीसाठी तपासणी’ सांगितलं तर ती भारतीय मानकाप्रमाणे तपासून ‘अनुरूप’ असा शिक्का मारून देते. हळदीतल्या शिशाची भारतीय मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघात वाळवलेल्या मुळं-कंदवर्गीय मसाल्यांना १.५ मिलिग्रॅम. त्यामुळे आपल्याकडचा ‘अनुरूप’ हॅम्बुर्गच्या माणसाला काहीच सांगत नाही, त्याला आकडा हवा. चाचणी मागणीत चार गोष्टी लिहिल्या: कर्क्युमिन, ओलावा, शिसं आणि इथिलीन ऑक्साइडसह कीडनाशक अवशेष. नमुना एकाच पोत्यातून न घेता लॉटमधल्या अनेक पोत्यांतून थोडा थोडा काढून एकत्र करायचा. पिशवीवर लॉट क्रमांक, आणि तोच क्रमांक अहवालावर छापून मागायचा. खर्च सगळा मिळून अकरा हजारांच्या आसपास, जीएसटी वेगळा.

२७ जानेवारी: इंग्रजी मजकूर

इंग्रजी मजकूर मराठीवरून वाक्यागणिक केला नाही. क्रमांक समोर ठेवून सरळ लिहिला. पहिल्याच ओळीत ‘तुम्ही काय घेता’ हे आलं, आपण कोण ते दुसऱ्या वाक्यात. मराठीत आधी स्वतःची ओळख देणं सभ्यपणाचं असतं. दिवसाला ढीगभर मेल उघडणाऱ्या खरेदी व्यवस्थापकाला आधी कळायला हवं की हे त्याच्या कामाचं आहे.

विषयाची ओळ तीनदा बदलली. ‘Invitation’ या शब्दानं सुरू होणारी ओळ मेळ्याच्या आयोजकांच्या घाऊक मेलसारखी दिसते. माल, काढणीचं साल, शहर आणि तारीख एवढंच ठेवलं.

```
Subject: Turmeric fingers, harvest 2025 - New Delhi, 5 March?

Dear Mr. [surname],

You buy Indian turmeric for grinding. We are a growers' company
in Sangli district and will show this year's Salem fingers at
AAHAR, Bharat Mandapam, New Delhi, 4-8 March 2025.

Could you give us 30 minutes on Wednesday, 5 March, at 11:30
(New Delhi time)? If Thursday, 6 March, at 15:00 is better,
just reply "Thursday".

We have 20 metric tonnes from this harvest, ready from the end
of March. Laboratory results for this lot will reach you by
25 February.

If you need a letter for your visa, tell us and we will send it.
```

खाली सही, हुद्दा, देशाच्या कोडसह मोबाइल क्रमांक, स्पाइसेस बोर्डाचा निर्यातदार नोंदणी क्रमांक आणि वेबसाइट. नोंदणी क्रमांक सहीतच बसतो, त्यासाठी वेगळं वाक्य लागत नाही.

तारखेत महिना अक्षरी लिहिला आहे. 05/03 हे जर्मन माणूस आपल्यासारखंच वाचेल, पण हाच मजकूर उद्या अमेरिकेला गेला तर ३ मे होतो. एकदाच नीट केलेलं बरं.

दोनच पर्याय दिले आहेत आणि एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न. ‘आपल्या सोयीनुसार केव्हाही भेट द्यावी’ हे मराठीत मोठ्या मनाचं वाटतं. खरेदीदाराच्या वेळापत्रकात मात्र ‘केव्हाही’ नावाचा रकाना नसतो. तो मेळ्यात येतो, ठरलेल्या भेटी करतो आणि उरलेल्या वेळात समोर दिसेल तिथे थांबतो. पहिला दिवस मुद्दाम टाळला, कारण त्या दिवशी वीज, फलक, नमुन्यांच्या बरण्या यांचीच धावपळ असते. शेवटच्या दिवसापर्यंत लोक परतीला लागलेले असतात.

संचालकांपुढे इंग्रजी मजकूर मराठीत वाचून दाखवला, तोही ज्यानं लिहिला नाही त्याच्याकडून. यात एक गोष्ट सापडली. ‘ready from the end of March’ याचा अर्थ त्यानं ‘मार्चअखेर माल बंदरावर’ असा सांगितला. मराठी वाक्य २ मध्ये ‘तयार’ म्हणजे गोदामात पोत्यांत भरलेला. शेवटी ‘packed in our warehouse in Sangli’ असे शब्द त्या वाक्यात वाढवले. लिहिणारा स्वतःच उलटा वाचून दाखवतो तेव्हा असं काही कधीच सापडत नाही.

३ फेब्रुवारी: पाठवलं

दुपारी दीड ते दोनच्या मध्ये. हॅम्बुर्ग या दिवसांत आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथे सकाळचे नऊ-साडेनऊ. तारीख निवडताना दुसऱ्या मेळ्यांकडेही पाहावं लागलं. न्यूरेंबर्गला बायोफाख ११ ते १४ फेब्रुवारी, लगेच दुबईत गल्फूड १७ ते २१. मसाल्यातले युरोपीय खरेदीदार या दोन्हींपैकी एकीकडे तरी असतात, आणि त्या काळात आलेली मेल तळाशी जाते. त्या मेळ्यांच्या आधी सात-आठ दिवस मिळाले तर तिकीट काढायचा निर्णय त्यांच्या कार्यालयात बसून होतो.

मेलला काहीही जोडलं नाही. माहितीपत्रक बारा एमबीचं होतं. ते जोडलं असतं तर बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हरनं मेल अडवली असती.

त्याच यादीत आखातातलाही एक खरेदीदार होता. मजकूर तोच, पण दोन बदल करावे लागले. यंदा रमजान १ मार्चच्या सुमारास सुरू होतो आहे, म्हणजे मेळा पहिल्याच आठवड्यात. त्या प्रतीच्या शेवटी कोणीतरी ‘चहा घेऊ’ अशी आपुलकीची ओळ घातली होती ती काढली, आणि दुपारी तीनच्या ऐवजी दोन्ही वेळा सकाळच्या दिल्या. दिल्लीला येणं जमत नसेल तर ईदनंतर व्हिडिओ कॉल, असा तिसरा पर्यायही जोडला. या गोष्टी मेळ्याच्या तारखा कळल्या त्या दिवशी कॅलेंडरवर पाहायच्या असतात.

६ फेब्रुवारी: उत्तर, आणि कॅलेंडरची फाइल

हॅम्बुर्गहून उत्तर आलं: बुधवार चालेल, कॅलेंडर निमंत्रण पाठवा, व्हिसाचं पत्र हवं. शिवाय विचारलं, शेत पाहता येईल का.

कॅलेंडरची फाइल हातानं केली होती आणि पहिली फाइल त्याच्याकडे चुकीच्या वेळेला उघडली. आत असं होतं:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20250305T113000
```

या ओळीला फाइलमध्येच त्या टाइमझोनची व्याख्या देणारा `VTIMEZONE` भाग लागतो. तो नव्हता, त्यामुळे समोरच्या प्रोग्रामनं ११:३० ही त्याची स्थानिक वेळ धरली. सोपा उपाय म्हणजे जागतिक वेळ लिहायची. साडेअकरा वजा साडेपाच तास, सहा वाजता:

```
DTSTART:20250305T060000Z
DTEND:20250305T063000Z
```

आता त्याच्या फोनवर हॅम्बुर्गमध्ये असेपर्यंत सकाळचे सात दिसणार आणि दिल्लीत उतरल्यावर साडेअकरा. हे पाहून तो गोंधळू शकतो, म्हणून फाइलच्या शीर्षकातच ‘11:30 New Delhi time’ लिहिलं.

७ ते १० फेब्रुवारी: व्हिसाचं पत्र

निमंत्रणाची मेल आणि व्हिसासाठीचं पत्र हे दोन वेगळे कागद आहेत. एकच करायला गेलं की मेल सरकारी होते आणि पत्र जाहिरातीसारखं. शिवाय व्हिसाच्या पत्रात पासपोर्ट क्रमांक असतो, तो दहा जणांना पुढे जाणाऱ्या मेलमध्ये नको.

पहिल्या मेलमध्ये ‘लागत असेल तर सांगा’ एवढंच लिहिलं होतं, त्यालाही कारण आहे. परदेशी कंपनीचा खरेदी व्यवस्थापक भारतीय पासपोर्टवालाही असू शकतो. नावावरून अंदाज बांधू नये.

जर्मन नागरिकाला ई-बिझनेस व्हिसा मिळतो. अर्जाचं अधिकृत संकेतस्थळ `https://indianvisaonline.gov.in/evisa/`. हा पत्ता मेलमध्ये जसाच्या तसा दिला, कारण शोधून पाहिलं तर जादा पैसे घेणारी मिळतीजुळती नावं आधी वर येतात. अर्ज प्रवासाच्या किमान चार दिवस आधी करावा लागतो. प्रत्यक्षात तीन आठवडे आधीच करायला सांगितलं, म्हणजे एखादा कागद परत आला तरी वेळ उरतो.

अर्जात अर्जदाराच्या कंपनीचं आणि भारतीय कंपनीचं नाव, पत्ता, फोन, वेबसाइट विचारतात. पत्रात हीच माहिती त्याच क्रमानं लिहिली, म्हणजे त्याला नुसती उतरवून घेता येते. मग पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव. सहीत तो मधलं नाव गाळतो, पासपोर्टवर ते आहे, म्हणून पासपोर्टच्या पानाची प्रत मागवून तिच्यावरून टंकलं. हुद्दा, येण्याचं कारण, तारखा, आणि प्रवास-मुक्कामाचा खर्च त्याची कंपनी करणार हे एक स्वच्छ वाक्य. मराठी मसुद्यात इथे ‘त्यांच्या भारतातील वास्तव्याची सर्वतोपरी जबाबदारी आम्ही घेतो’ असं पाहुणचाराच्या भावनेनं आलं होतं. सही-शिक्क्याच्या कागदावर त्याचा अर्थ पाहुणचारापुरता राहत नाही. काढलं.

शेतभेटीमुळे पत्र पुन्हा लिहावं लागलं. अर्जात कुठे कुठे जाणार ते विचारतात आणि पत्रात फक्त नवी दिल्ली होतं. सांगली वाढवली. कार्यक्रम असा सुचवला: ६ मार्चला दिल्लीहून पुण्याला विमानानं, तिथून रस्त्यानं सुमारे २३० किलोमीटर. मुक्काम हॉटेलातच ठेवला. एका संचालकांनी घरी उतरवायची तयारी दाखवली होती, पण परदेशी पाहुणा ठेवला की त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म सी तेव्हा २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागायचा. हॉटेलवाल्यांना त्याची सवय होती.

शेवटची अडचण फाइलच्या आकाराची होती. लेटरहेडवर छापून, सही-शिक्का करून रंगीत स्कॅन केलेलं पत्र अडीच एमबीचं झालं. अर्जात पीडीएफ १० ते ३०० केबीच्या दरम्यानच चढते. त्यानं कळवलं की चढत नाही, आणि एक दिवस त्यात गेला. एकच पान, १५० डीपीआय, करड्या रंगात स्कॅन केल्यावर १८० केबीत बसलं. शिक्का नीट वाचता येतो का ते मोठं करून पाहिलं.

२४ फेब्रुवारी: अहवाल आला, तपासला, पाठवला

कर्क्युमिन ३.६ टक्के, ओलावा ८.४ टक्के, शिसं किलोला ०.४२ मिलिग्रॅम. इथिलीन ऑक्साइडसमोर नुसतं ‘आढळलं नाही’. हे अर्धवट आहे. प्रयोगशाळेचं यंत्र किती खालपर्यंत खात्रीनं मोजू शकतं, त्या आकड्यावर ‘आढळलं नाही’चा अर्थ ठरतो. मसाल्यांसाठी युरोपची मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम आहे. यंत्राची मापनमर्यादाच ०.५ असेल तर मर्यादेच्या चौपट असलेलं अवशेषही ‘आढळलं नाही’मध्ये लपेल. प्रयोगशाळेला फोन करून तो आकडा अहवालावर छापून घेतला: ०.०२. मग पाठवला.

सोबतची मेल तीन ओळींची. लॉट क्रमांक, चार आकडे, आणि हॉल-स्टॉल क्रमांक, जो आत्ता कुठे निश्चित झाला. पहिल्या मेलमध्ये स्टॉल क्रमांक नव्हता तो याच कारणानं. अंदाजे क्रमांक देऊन नंतर बदलला तर माणूस जुनाच लक्षात ठेवतो. त्याला मेट्रोचं स्थानकही लिहिलं: सुप्रीम कोर्ट, निळी मार्गिका. जुन्या नकाशांत ते प्रगती मैदान म्हणून आहे, म्हणून दोन्ही नावं.

कर्क्युमिन गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे, ते आकड्यात दिसतंच. त्यावर सारवासारव करणारं वाक्य मसुद्यात आलं होतं, ठेवलं नाही. भेटीत त्यानं विचारलं तर सांगायला लॉटनिहाय माहिती तयार आहे.

३ मार्च: स्टॉलवरची मराठी प्रत

मंजूर झालेली पाच मराठी वाक्यं एका पानावर मोठ्या अक्षरात छापली. खाली नंतर वाढलेलं: ‘तयार’ म्हणजे सांगलीच्या गोदामात, अहवालातले चार आकडे, भाव दिलेला नाही, सांगलीची भेट ६ तारखेनंतर. पान टेबलाच्या आत, खरेदीदाराच्या बाजूनं दिसणार नाही असं चिकटवायचं. स्टॉलवर पाळीनं तिघं असणार आहेत. ५ तारखेला साडेअकराला नेमकं कोण खुर्चीत असेल ते लिहिलंय, आणि त्याच्या शेजारी त्याच लॉटची, त्याच क्रमांकाची चिठ्ठी लावलेली हळकुंडांची बरणी. दाखवायला म्हणून गेल्या वर्षीची जास्त चकचकीत हळकुंडं कोणीतरी पेटीत भरली होती. ती गावीच ठेवली.

५ मार्च

खरेदीदार अकरा चाळीसला आला. बसल्यावर आधी बरणीवरची चिठ्ठी अहवालाशी ताडून पाहिली, मग दोन हळकुंडं मोडून आतला रंग. पहिला प्रश्न कर्क्युमिनचा नव्हता, २० टनांपैकी किती माल एकाच वेळी वाळवलेला आहे हा होता. हे पाच वाक्यांत नाही. वाळवणीच्या तारखांनुसार लॉटची फोड करून पाठवायचं कबूल केलंय. पुढच्या निमंत्रणात वाक्य २ च्या खाली ती फोड जाईल: किती टन, कुठल्या तारखांना वाळवलेला.